आगीनंतर बुडालेल्या नफ्याचा क्लेम: स्थिर खर्च, उलाढालीतली तूट आणि ढोबळ नफ्याचा दर यांचा हिशेब कोणत्या क्रमाने मांडायचा

आग लागली की इमारत, यंत्रं आणि माल यांचा क्लेम बहुतेक जण नीट लावतात. जळलेली वस्तू समोर दिसते, तिचं बिल सापडतं. अडतं ते त्यानंतर. कारखाना तीन महिने बंद राहिला, विक्री बुडाली, पण पगार, भाडं आणि बँकेचं व्याज चालूच राहिलं. ही भरपाई देणारी वेगळी पॉलिसी असते. कागदावर तिचं नाव परिणामी हानी विमा, बोलताना सगळे तिला लॉस ऑफ प्रॉफिट म्हणतात. तिचा क्लेम मांडताना त्याच त्या चुका होतात: ट्रेडिंग खात्यातला ग्रॉस प्रॉफिट उचलला जातो, मागच्या वर्षीच्या त्याच तारखांची विक्री डोळे मिटून धरली जाते आणि विमा रक्कम कमी पडते आहे हे शेवटच्या दिवशी कळतं.

हा लेख लघुउद्योजकांसाठी आणि त्यांच्या हिशेबनिसांसाठी आहे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे निव्वळ नफा अधिक विमा उतरवलेले स्थिर खर्च या सूत्रावर चालणाऱ्या पॉलिसीचा हिशेब इथे पायरीपायरीने केला आहे.

उदाहरण कल्पित आहे, आकडे सोपे ठेवले आहेत. सांगली भागातला फरसाणाचा कारखाना. १ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे तळण विभागाला आग लागली. पॉलिसीतली विमा रक्कम ४१,८०,००० रुपये आणि भरपाईचा कमाल कालावधी सहा महिने. हंगामी धंदा मुद्दाम घेतला आहे, कारण सर्वांत महागडी चूक अशाच धंद्यात होते.

## तयारी: आकडेमोडीला हात लावण्याआधी

विमा कंपनीला दोन्ही पॉलिसींखाली लेखी कळवा, मालमत्तेच्या आणि नफ्याच्याही. पुष्कळ जण फक्त आगीच्या पॉलिसीचा नंबर लिहून मोकळे होतात. दोन महिन्यांनी नफ्याचा क्लेम टाकला की 'उशिरा कळवलं' हा पहिला आक्षेप येतो.

दुसरं काम टॅलीत. 'आगीमुळे झालेला जादा खर्च' असं स्वतंत्र लेजर त्याच दिवशी उघडा. भाड्याचं जनरेटर, दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेतलेल्या मालाची जादा मजुरी, तात्पुरत्या गोदामाचं भाडं, सगळं तिथेच पडू दे. हे खर्च नेहमीच्या खात्यांत मिसळले तर चार महिन्यांनी त्यातला जादा खर्च कुठला आणि नेहमीचा कुठला, हे सिद्ध करता येत नाही.

मग कागद गोळा करा: मागच्या आर्थिक वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, आगीआधीच्या किमान चोवीस महिन्यांची महिनावार विक्री, जीएसटीची विवरणपत्रं, पगारपत्रकं, भाडेकरार, बँकेचे व्याजाचे उतारे, हातातल्या आणि रद्द झालेल्या ऑर्डरी. हंगामी धंदा असेल तर महिनावार विक्री पुरत नाही, रोजची विक्री काढा. पायरी ४ मध्ये तिची गरज लागेल.

खबरदारी: मालमत्तेच्या पॉलिसीखाली भरपाई मिळाली किंवा कंपनीने निदान जबाबदारी मान्य केली, तरच नफ्याचा क्लेम उभा राहतो. तळणयंत्राचा विमाच नसेल, तर ते जळाल्याने बुडालेला नफा मागता येत नाही. म्हणून मालमत्तेचा क्लेम रेंगाळू देऊ नका.

## पायरी १: पॉलिसीतून चार गोष्टी कागदावर उतरवा

विमा रक्कम, भरपाईचा कमाल कालावधी, विमा उतरवलेल्या स्थिर खर्चांची यादी आणि सुरुवातीच्या किती दिवसांचं नुकसान स्वतः सोसायचं याची अट. चारही गोष्टी पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये असतात. आपल्या उदाहरणात शेवटची अट नाही. तुमच्या पॉलिसीत असेल तर तेवढ्या दिवसांचा ढोबळ नफा शेवटी वजा होईल.

यादी शब्दशः वाचा. स्थिर खर्च म्हणजे विक्री घटली तरी त्याच प्रमाणात न घटणारा खर्च: कायम नोकरांचे पगार, भाडं, घरपट्टी, कर्जाचं व्याज, लेखापरीक्षकाची फी. पण खर्च स्थिर असला म्हणून त्याचा विमा उतरलेला असतोच असं नाही. यादीत नाव असेल तोच विमा उतरवलेला. आपल्या कारखान्याचे वर्षाचे एकूण स्थिर खर्च ३० लाख, त्यांपैकी यादीत २४ लाख. उरलेले ६ लाख, म्हणजे जाहिरात आणि हंगामी कामगारांना वर्षभर दिलेला किमान पगार, यादीबाहेर राहिले. हे सहा लाख पुढे एकदा नाही, दोनदा आडवे येतात: नफ्याच्या दरात आणि वाढीव खर्चाच्या हिशेबात.

## पायरी २: बाधित काळ ठरवा

काळ सुरू होतो नुकसानीच्या तारखेला. संपतो विक्री पूर्वपदावर आल्यावर, यंत्र सुरू झाल्यावर नव्हे. आणि काहीही झालं तरी पॉलिसीतल्या कमाल कालावधीच्या पुढे तो जात नाही.

आपल्या कारखान्यात नवी तळणयंत्रं ५ ऑक्टोबरला चालू झाली. मालक म्हणतात, 'चला, दोन महिने चार दिवसांचा क्लेम करू.' पण दुकानदारांनी दिवाळीच्या ऑर्डरी सप्टेंबरातच दुसरीकडे दिल्या होत्या. ऑक्टोबरभर विक्री अपेक्षेच्या निम्म्यावरही गेली नाही. नोव्हेंबरपासून ती अपेक्षित पातळीवर आली. म्हणून बाधित काळ १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२४, पूर्ण तीन महिने. सहा महिन्यांच्या मर्यादेत तो सहज बसतो.

तपासणी: यंत्र सुरू झाल्यानंतरच्या प्रत्येक आठवड्याची विक्री आणि त्या आठवड्याची अपेक्षित विक्री शेजारीशेजारी लिहा. सलग दोन-तीन आठवडे दोन्ही आकडे जुळले की काळ संपला. गेलेली गिऱ्हाइकं परत यायला का वेळ लागला हे दाखवणारी पत्रं आणि मेसेज जपून ठेवा. नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर पहिला प्रश्न हाच विचारतो.

## पायरी ३: ढोबळ नफ्याचा दर काढा

इथे ट्रेडिंग खात्यातला ग्रॉस प्रॉफिट चालत नाही. पॉलिसीचा ढोबळ नफा म्हणजे निव्वळ नफा अधिक विमा उतरवलेले स्थिर खर्च. वर्ष कोणतं? नुकसानीच्या लगेच आधी संपलेलं आर्थिक वर्ष. आपल्याकडे २०२३-२४.

नफा-तोटा पत्रकावर करपूर्व नफा २६ लाख दिसतो. त्यात जुनं पॅकिंग मशीन विकून झालेला २ लाखांचा फायदा आहे. तो भांडवली आहे, धंद्याचा नाही, म्हणून काढायचा. राहिले २४ लाख. हा आकडा घसारा आणि सगळे स्थिर खर्च वजा झाल्यानंतरचा, पण आयकराच्या आधीचा असायला हवा. त्यात विमा उतरवलेले स्थिर खर्च २४ लाख मिळवले की ढोबळ नफा ४८ लाख. वर्षाची उलाढाल जीएसटी वगळून २ कोटी ४० लाख.

```
ढोबळ नफ्याचा दर = ४८,००,००० ÷ २,४०,००,००० × १०० = २० टक्के
```

त्या वर्षी धंदा तोट्यात असेल तर सगळा तोटा स्थिर खर्चांतून वजा करायचा नाही. तोट्याचा जेवढा भाग विमा उतरवलेल्या खर्चांच्या वाट्याला येतो तेवढाच वजा होतो. समजा तोटा ४ लाख असता, तर २४ लाखांतून ४ लाखांचा २४/३० भाग, म्हणजे ३ लाख २० हजार वजा झाले असते आणि ढोबळ नफा २० लाख ८० हजार राहिला असता. हिशेबशास्त्राच्या परीक्षेतही आणि क्लेममध्येही इथे पूर्ण ४ लाख वजा केलेले दिसतात.

आता दराची दुरुस्ती. पॉलिसीच्या शब्दांनुसार दर, वार्षिक उलाढाल आणि मागच्या वर्षीची विक्री या तिन्हींत धंद्याचा कल आणि विशेष परिस्थिती लक्षात घेऊन बदल करता येतो. बदल दोन्ही बाजूंनी होतो हे विसरू नका. फरसाणाच्या बाबतीत २०२४ साली नेमकी अशी परिस्थिती आली: १४ सप्टेंबरपासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं प्रभावी आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर गेलं. तेल महागलं. सर्व्हेअर साहजिकच म्हणणार, आग लागली नसती तरी उरलेल्या दीड महिन्यात तुमचा दर २० राहिला नसता, १८ धरा. याला उत्तर तोंडी वादाने देता येत नाही. आगीआधी भरून ठेवलेल्या तेलाची बिलं दाखवा, त्या काळात तुमच्या तोलामोलाच्या इतर उत्पादकांनी वाढवलेले विक्रीदर दाखवा. आपल्या उदाहरणात तीन महिन्यांचा मिळून दर १९ टक्के ठरला असं धरू.

खबरदारी: उलाढालीत जीएसटी धरला आणि नफ्यात नाही, तर दर खोटाच कमी येतो. दोन्हीकडे जीएसटी वगळलेलाच आकडा घ्या. तो विवरणपत्रांशी जुळवा आणि फरकाचा तक्ता सोबत जोडा.

## पायरी ४: प्रमाण उलाढाल

सगळ्या क्लेमची मान इथे आहे, म्हणून जरा थांबू.

प्रमाण उलाढाल म्हणजे नुकसानीआधीच्या बारा महिन्यांतल्या, बाधित काळाशी जुळणाऱ्या भागाची विक्री. तारखांनी पाहिलं तर १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२३. त्या महिन्यांची विक्री अनुक्रमे १८, २२ आणि २५ लाख, एकूण ६५ लाख. बहुतेक क्लेममध्ये हाच आकडा उतरतो आणि सर्व्हेअरही त्यावर हरकत घेत नाही.

पण पंचांग उघडून पाहा. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आले. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला पडलं. २०२४ साली ते १ नोव्हेंबरला होतं. गणपतीही १९ सप्टेंबरवरून ७ सप्टेंबरवर आले, पण ते दोन्ही वर्षी बाधित काळाच्या आतच आहेत, त्यांची काळजी नाही. दिवाळीची मात्र आहे. २०२३ साली दिवाळीच्या मालाचा शेवटचा आणि सर्वांत मोठा लोंढा नोव्हेंबरच्या पहिल्या अकरा दिवसांत बाहेर पडला. २०२४ साली तो ऑक्टोबरात बाहेर पडला असता, म्हणजे कारखाना अडलेला असतानाच. तारखेला तारीख लावली तर हरवलेल्या दिवाळीतला सर्वांत जड भाग हिशेबातून गळतो.

दुरुस्ती अशी: तुलनेचा काळ अकरा दिवस पुढे सरकवा. १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२४ समोर १२ ऑगस्ट ते ११ नोव्हेंबर २०२३ ठेवा. दिवस दोन्हीकडे ९२ च राहतात. रोजच्या विक्रीच्या पुस्तकातून दोन आकडे काढा. १ ते ११ ऑगस्ट २०२३ ची विक्री ६ लाख, ती वजा. १ ते ११ नोव्हेंबर २०२३ ची विक्री २१ लाख, ती मिळवा. ६५ वजा ६ अधिक २१, म्हणजे ८० लाख. या दुरुस्तीचा आधार पॉलिसीतलं विशेष परिस्थितीचं वाक्यच आहे, वेगळी कृपा मागावी लागत नाही. फक्त दावापत्रात तसं स्पष्ट लिहा आणि आणखी एखाद्या वर्षीची दिवाळीआधीच्या दिवसांची विक्री जोडा, म्हणजे लोंढा कॅलेंडरच्या तारखेबरोबर नाही, लक्ष्मीपूजनाबरोबर हलतो हे दिसेल. २०२२ साली ते २४ ऑक्टोबरला होतं, तुलनेला उत्तम.

सावधानता एकच. यंदाचा सण बाधित काळाच्या बाहेर जात असेल, तर हीच दुरुस्ती तुमच्या विरुद्ध करावी लागेल. सर्व्हेअरने ती केली तर कुरकुर नको.

मग कल. एप्रिल ते जुलै २०२३ ची विक्री ६० लाख, एप्रिल ते जुलै २०२४ ची ६६ लाख. वाढ १० टक्के. या चार महिन्यांत एखादी एकदाच आलेली मोठी ऑर्डर नाही ना, ते पाहा. असेल तर ती काढून वाढ पुन्हा मोजा. आपल्याकडे नाही.

```
प्रमाण उलाढाल = ८०,००,००० + १० टक्के = ८८,००,०००
```

## पायरी ५: तूट आणि बुडालेला ढोबळ नफा

बाधित काळातली प्रत्यक्ष विक्री: ऑगस्ट १० लाख, सप्टेंबर ९ लाख, ऑक्टोबर १७ लाख. एकूण ३६ लाख. ऑगस्टमधली विक्री गोदामात शिल्लक असलेल्या मालाची आहे. पुढच्या दोन महिन्यांतले १२ लाख दुसऱ्या कारखान्यात मजुरीवर करून घेतलेल्या मालाचे आहेत.

हे १२ लाख लपवायचा मोह होतो, 'तो माल आपल्या कारखान्यात बनलाच नाही' असं म्हणून. तसं करू नका. धंद्याच्या फायद्यासाठी दुसऱ्या जागेवरून केलेली विक्रीही बाधित काळाच्या उलाढालीत धरायची, असं पॉलिसीच म्हणते. शिवाय तुमच्याच जीएसटी विवरणपत्रात ती दिसते. ती काढून टाकल्याचं लक्षात आलं की बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

```
तूट = ८८,००,००० − ३६,००,००० = ५२,००,०००
बुडालेला ढोबळ नफा = ५२,००,००० × १९ टक्के = ९,८८,०००
```

तपासणी: तूट आगीमुळेच झाली आहे का? त्याच काळात रस्ता बंद असेल, वीज गेली असेल किंवा एखादा मोठा गिऱ्हाईक आगीआधीच तुटला असेल, तर त्यामुळे कमी झालेली विक्री प्रमाण उलाढालीतून आधी वजा व्हायला हवी.

## पायरी ६: वाढीव खर्चाच्या तीन चाळण्या

विक्री वाचवण्यासाठी केलेला जादा खर्चही मिळतो, पण सगळा मिळेलच असं नाही. आपल्या मालकांनी मजुरीवरचा माल, जादा वाहतूक आणि भाड्याचं गोदाम यांवर ३ लाख रुपये जास्त मोजले. 'जास्त' या शब्दाकडे लक्ष द्या. मजुरीची पूर्ण बिलं लावायची नाहीत. तोच माल स्वतः बनवताना जो खर्च आला असता तो वजा करून उरलेलीच रक्कम इथे येते.

तीन आकडे काढा आणि सर्वांत लहान घ्या.

पहिला, प्रत्यक्ष जादा खर्च: ३,००,०००.

दुसरा, त्या खर्चामुळे वाचलेल्या विक्रीवरचा ढोबळ नफा: १२ लाखांवर १९ टक्के, म्हणजे २,२८,०००. १२ लाखांची विक्री वाचवायला तीन लाख घालवले आणि तिच्यावरचा ढोबळ नफा तेवढा नव्हताच. विमा कंपनी वरचे ७२ हजार देत नाही, ते गिऱ्हाईक टिकवण्यासाठी मालकाने स्वतः केलेली गुंतवणूक ठरते.

तिसरा, विमा न उतरवलेल्या स्थिर खर्चांमुळे होणारी कपात करून उरणारा जादा खर्च. त्यासाठी वार्षिक ढोबळ नफा लागतो. तो पायरी ८ मध्ये काढला आहे, ५०.१६ लाख. विमाबाह्य स्थिर खर्च ६ लाख.

```
३,००,००० × ५०.१६ ÷ (५०.१६ + ६.००) = २,६७,९४९
```

सर्वांत लहान २,२८,०००. तेवढेच धरायचे.

## पायरी ७: वाचलेला खर्च वजा करा

विमा उतरवलेल्या स्थिर खर्चांपैकी बाधित काळात जो द्यावा लागला नाही, तो वजा होतो. आपल्या जागामालकाने तीन महिने जळलेल्या भागाचं महिना २२ हजार भाडं माफ केलं: ६६,००० वजा. कुणी नोकरी सोडून गेलं आणि जागा भरली नाही, किंवा कर्जाचं व्याज कमी झालं, तर तेही इथेच येतं.

यादीबाहेरच्या खर्चात झालेली बचत मात्र वजा करायची नाही. त्याचा हप्ताच भरलेला नव्हता, मग बचतीचा फायदा कंपनीला का?

```
९,८८,००० + २,२८,००० − ६६,००० = ११,५०,०००
```

## पायरी ८: विमा रक्कम पुरेशी होती का

इथे सरासरीचं कलम येतं. विमा रक्कम वार्षिक ढोबळ नफ्यापेक्षा कमी असेल, तर क्लेम त्याच प्रमाणात कापला जातो.

वार्षिक उलाढाल म्हणजे नुकसानीआधीचे बारा महिने, १ ऑगस्ट २०२३ ते ३१ जुलै २०२४. आर्थिक वर्ष नव्हे. दर आर्थिक वर्षाचा, उलाढाल बारा महिन्यांची: ही अदलाबदल सतत होते. २४० लाखांतून जुने एप्रिल-जुलै ६० लाख काढा, नवे ६६ लाख घाला: २४६ लाख.

आता १० टक्क्यांचा कल कशावर लावायचा? परीक्षेच्या उत्तरांत पुष्कळदा तो सगळ्या २४६ लाखांवर लावलेला दिसतो. माझ्या मते प्रत्यक्ष क्लेममध्ये तसं मान्य करू नये. त्या २४६ लाखांतले शेवटचे ६६ लाख वाढलेल्या पातळीवरचेच आहेत, त्यांच्यावर पुन्हा दहा टक्के चढवले की विमा रक्कम उगाच आणखी अपुरी ठरते. ऑगस्ट ते मार्चच्या १८० लाखांवर दहा टक्के, म्हणजे १९८ लाख, आणि ६६ लाख तसेच. एकूण २६४ लाख. दिवाळी बारा महिन्यांत एकदाच येते, म्हणून सणाची दुरुस्ती इथे लागत नाही.

```
वार्षिक ढोबळ नफा = २,६४,००,००० × १९ टक्के = ५०,१६,०००
मिळणारी रक्कम = ११,५०,००० × ४१,८०,००० ÷ ५०,१६,००० = ९,५८,३३३
```

विमा रक्कम गरजेच्या पाच षष्ठांश होती, म्हणून क्लेमही पाच षष्ठांश. मालकांनी ती २०२२-२३ च्या हिशेबावरून ठरवली आणि नूतनीकरणात तशीच पुढे नेली, एवढंच कारण.

याहून वाईट चूक दिसते ती अशी: 'आपला कालावधी सहा महिन्यांचा, मग सहा महिन्यांच्या नफ्याचा विमा पुरे.' कालावधी बारा महिन्यांपेक्षा कमी असला तरी तुलना पूर्ण वर्षाच्या ढोबळ नफ्याशीच होते. अशा पॉलिसीत निम्मा क्लेम पहिल्याच फटक्यात जातो.

आता एक गंमत बघा. पायरी ३ मध्ये दर १९ की २० यावर किती ओढाताण झाली होती. २० टक्के धरून सगळा हिशेब पुन्हा केला, तर पायरी ७ ला १२,१४,००० येतात, पण वार्षिक ढोबळ नफाही ५२,८०,००० होतो आणि हातात पडतात ९,६१,०८३. फरक २,७५० रुपयांचा. विमा रक्कम अपुरी असली की दर अंशात येतो तसाच छेदातही येतो आणि जवळजवळ कटतो. उलट, दिवाळीची आणि कलाची दुरुस्ती दोन्हीकडे न करता ६५ लाखांवरच हिशेब केला असता, तर तूट २९ लाख आणि हातात ६,३७,६४२ आले असते. तीन लाख वीस हजारांचा फटका. वाद कुठे घालायचा, हे ठरवण्याआधी दोन्ही बाजूंनी आकडे फिरवून पाहा. विमा रक्कम पुरेशी असेल तेव्हा मात्र दराचा एकेक टक्का खरोखर महागात पडतो.

## पायरी ९: दावापत्र देणे आणि सर्व्हेअरशी बोलणे

दावापत्र साधारणपणे भरपाईचा कालावधी संपल्यापासून ३० दिवसांत द्यायचं असतं. नेमकी मुदत तुमच्या पॉलिसीच्या अटींत पाहा. वेळ लागणार असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढ मागा. आकडे तुमच्या लेखापरीक्षकांकडून प्रमाणित करून घ्या.

पहिल्या पानावर पायरी ५ ते ८ चा गोषवारा ठेवा आणि प्रत्येक आकड्यासमोर पुरावा कोणत्या परिशिष्टात आहे ते लिहा. दुरुस्त्या वेगळ्या पानावर घ्या. आधी तारखांनुसार ६५ लाख, मग सणाचे १५ लाख, मग कलाचे ८ लाख, असं उलगडून दाखवा. एकदम ८८ लाख लिहून दिले तर सर्व्हेअर ते तोडून पुन्हा ६५ पासून सुरुवात करतो आणि मग प्रत्येक लाखासाठी तुम्हालाच झगडावं लागतं.

पैशाची ओढाताण असेल तर अंतिम आकड्याची वाट न पाहता काही रक्कम आगाऊ मागता येते. महिनावार तूट दाखवणारा अंतरिम तक्ता त्यासाठी पुरतो, जबाबदारी मान्य झालेली असली म्हणजे झालं.

सर्व्हेअरने काढलेला आकडा तुमच्यापेक्षा कमी आला तर 'मान्य नाही' एवढंच कळवू नका. त्याची कोणती पायरी तुमच्यापेक्षा वेगळी आहे ते शोधा आणि तेवढ्याच पायरीवर लेखी मुद्दा मांडा. आणि 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली' असं लिहिलेल्या पावतीवर सही करण्याआधी तुमची हरकत पत्राने किंवा ईमेलने कंपनीकडे पोचलेली असू द्या. सहीनंतर घेतलेल्या हरकतीवर कंपनीचं पहिलं उत्तर तीच पावती पुढे करण्याचं असतं.